अकरा महिन्यांचा बाँड आणि दरवर्षीची वाढ

दिंद्रुडसारख्या बाजाराच्या गावात गाळा भाड्याने देताना बाँडवर एक वाक्य हमखास येतं: "सदर भाड्यात दरवर्षी १० टक्के वाढ करण्यात येईल." त्याच बाँडवर चार ओळी वर मुदत लिहिलेली असते, अकरा महिने. म्हणजे पहिली वाढ लागू व्हायची तारीख येण्याआधीच तो कागद संपलेला असतो. चालू भाडेकरारातल्या वाढीची बरीचशी भांडणं या दोन ओळींच्या विसंगतीतून निघतात. सही करताना ती दोन्ही बाजूंना दिसत नाही.

अकरा महिनेच का? नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, त्यामुळे वर्षाच्या आत राहायची ही सवय. पण मग पाच वर्षांची वाढ त्याच कागदात लिहायची आणि कागद फक्त नोटरी करून ठेवायचा, हे जमत नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरी सही कोणी केली एवढं पाहतो. दस्त दुय्यम निबंधकाच्या दप्तरात जात नाही. पाच वर्षांचा करार नोंदवला नसेल तर त्यातल्या अटी, वाढीच्या अटीसकट, न्यायालयात पुरावा म्हणून वाचता येत नाहीत. गाळा ताब्यात आहे आणि भाडं दिलं-घेतलं जातं, एवढंच उरतं. कायद्याच्या नजरेत ती महिन्या-महिन्याची भाडेदारी होते.

एक हिशेब मांडून पाहू. गाळ्याचं भाडं ३,००० रुपये, वाढ १० टक्के. वाढ मूळ भाड्यावर धरली तर पाचव्या वर्षी भाडं ४,२०० होतं. चालू भाड्यावर धरली तर ३,३००, ३,६३०, ३,९९३ असं चढत पाचव्या वर्षी ४,३९२ रुपये. महिन्याला १९२ रुपयांचा फरक, आणि तो फक्त "कशावर" हा शब्द न लिहिल्यामुळे. "दरवर्षी" म्हणजे बारा महिन्यांनी की अकरा महिन्यांचा बाँड संपला की, हा दुसरा प्रश्न. बाँड अकराचा असेल तर तिसरी वाढ ३६ महिन्यांऐवजी ३३ व्या महिन्यानंतरच मागितली जाते.

म्हणून टक्केवारीवर विसंबू नये, रक्कम लिहावी. उदाहरणार्थ: "दिनांक १ मे २०२६ ते ३० एप्रिल २०२७ दरमहा ३,००० रुपये, १ मे २०२७ ते ३० एप्रिल २०२८ दरमहा ३,३०० रुपये, १ मे २०२८ ते ३० एप्रिल २०२९ दरमहा ३,६३० रुपये." असा तक्ता असलेला तीन वर्षांचा करार नोंदवला की वाढीसाठी कोणाला नोटीस द्यावी लागत नाही, विनवणी करावी लागत नाही. तारीख आली की भाडं आपोआप बदलतं.

नोंदणीचा खर्च फार, असं लोक म्हणतात, तेव्हा आकडे सांगावेसे वाटतात. लिव्ह अँड लायसन्स प्रकारच्या करारावर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का आहे. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही त्या रकमेत मिळवतात. वरच्या तक्त्याचं तीन वर्षांचं भाडं १,१९,१६० रुपये. त्याचा पाव टक्का तीनशेच्या आसपास. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये. दस्त हाताळणीचा किरकोळ खर्च आणि माजलगावला एक फेरी. वकिलाच्या पहिल्या नोटिशीलाही याहून जास्त जातात.

कोणता कायदा लागू, हे आधी पाहायला हवं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला, पण तो प्रत्येक खेड्याला आपोआप लागू नाही. अनुसूचीत नाव असलेली गावं-शहरं, आणि मराठवाड्यात जिथे आधी हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा लागू होता ते भाग, त्यात येतात. गाव त्यात नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चालतो. माजलगाव किंवा बीडमध्ये पाहिलेला नियम दिंद्रुडच्या गाळ्याला तसाच लावू नये.

भाडे नियंत्रण कायद्याखाली कलम ११ मालकाला वर्षाला ४ टक्के वाढीचा हक्क देतं, करारात काही लिहिलेलं नसलं तरी. ३,००० वर १२० रुपये. हे ४ टक्के सहज आलेले नाहीत. जुन्या मुंबई भाडे कायद्यात भाडी चाळीसच्या दशकातल्या पातळीला गोठली होती. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते गोठवणं मनमानीचं ठरवलं आणि नव्या कायद्याला जोर मिळाला. शिवाय या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात; उलट सिद्ध करायचं ओझं मालकावर.

आता भाडे नियंत्रण कायदा लागू नसलेल्या गावातला प्रसंग. करार तीन वर्षांचा, नोंदवलेला, वाढीची अट नाही. दुसऱ्या वर्षी मालक म्हणतो, "बाजूचा गाळा पाच हजाराला गेला, तुम्हीपण पुढच्या महिन्यापासून पाच द्या." हे कराराच्या मुदतीत चालत नाही. मालकाच्या एकट्याच्या इच्छेने भाडं बदलत नाही, आणि नोंदवलेल्या करारातला बदलही नोंदवावा लागतो. तोंडी बोलणं किंवा मोबाईलवरचा निरोप त्याला पुरत नाही. भाडेकरूने ठरलेलं भाडं वेळेवर देत राहावं. मालक घेत नसेल तर मनीऑर्डरने किंवा खात्यावर, कोणत्या महिन्याचं ते लिहून पाठवावं. इथेच लोक चुकतात. रागाने भाडंच थांबवतात, आणि वाढीच्या वादात भाडेकरूची बाजू असताना थकबाकीच्या वादात ती जाते.

मुदत संपलेली असेल किंवा महिन्याचं भाडं चालू असेल, तर मालकाला रस्ता आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ नुसार पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेदारी संपवायची, आणि त्याच नोटिशीत नव्या भाड्याने राहायची तयारी विचारायची. नुसतं "भाडं वाढवलं आहे" एवढं लिहिलेली नोटीस भाडेदारी संपवत नाही, आणि भाडेकरूने मान्य केल्याशिवाय भाडंही वाढवत नाही. २००२ च्या दुरुस्तीपासून मात्र नोटिशीतले दिवस थोडे कमी पडले तरी, दावा पंधरा दिवस उलटल्यावर दाखल झाला असेल तर नोटीस बाद होत नाही.

मालकांसाठीही एक इशारा. वाढीची अट आहे, पण ओळखीमुळे चार-पाच वर्षं जुनंच भाडं घेतलं, पावतीवर "भाडे पूर्ण मिळाले" लिहिलं. मग भांडण झालं आणि सगळ्या वर्षांचा फरक एकदम मागितला. थकीत भाड्याच्या दाव्याची मुदत तीन वर्षं, त्यामागचं बुडालं. उरलेल्या तीन वर्षांसाठीही भाडेकरू त्या पावत्या पुढे करतो: वाढ सोडून दिली होती, हे पाहा. सवलत द्यायची असेल तर मनापासून द्यावी, पण पावतीवर लिहावं: "३,००० रुपये मिळाले, करारानुसार ३०० रुपये बाकी." किंवा, "या वर्षापुरती वाढ माफ."

वाढीचा महिनाही बोलून ठरवावा. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, गावातलं गिऱ्हाईक घटतं, ते उन्हाळ्यात परततं. नोव्हेंबरात वाढ लावली तर कापडाच्या किंवा भांड्यांच्या दुकानदाराला ती मंदीच्या पहिल्याच महिन्यात भरावी लागते आणि पहिली थकबाकी तिथेच पडते. मे महिन्यापासून लावली तर लग्नसराई चालू असते, टोळ्या परतलेल्या असतात. वरच्या तक्त्यात १ मे धरला तो याचसाठी.