फळ्यावरचा P, फोनमधला P

आमच्या शाळेत दोन फळे होते. एक साधा काळा आणि दुसरा चौकटींचा, त्यावर पांढऱ्या रंगाच्या आडव्या-उभ्या रेषा कायमच्या मारलेल्या. चौकटींच्या फळ्याकडे सर वळले की भूमितीच्या तासाला निर्देशक आले असं आम्ही समजायचो. ज्यानं कुणी तो रंगवला होता त्यानं आडव्या रेषांतलं अंतर उभ्या रेषांतल्या अंतरापेक्षा जास्त ठेवलं होतं, त्यामुळे प्रत्येक चौकट चौरस नसून उंचाडी होती. त्या फळ्यावर वर्तुळ काढलं तर बिंदूंच्या हिशेबानं ते वर्तुळ राहत नसे, आणि तिरप्या रेषेची लांबी पट्टीनं मोजली तर अंतराच्या सूत्राशी ती कधीच जुळत नसे. तरीही रेषाखंडाचं विभाजन शिकवताना सर निर्धास्तपणे त्याच फळ्यावर खडू चालवायचे. का, ते फार पुढे कळलं.

त्यांचं नेहमीचं उदाहरण मला पाठ आहे. A(−४, ६) आणि B(६, १). रेषाखंड AB ला P हा बिंदू २:३ या गुणोत्तरात विभागतो, म्हणजे AP:PB = २:३. P कुठे? सूत्र लिहायच्या आधी सर आम्हाला चालायला लावायचे. A पासून B पर्यंत जायला किती घरं उजवीकडे? दहा. किती घरं खाली? पाच. एकूण भाग किती? दोन आणि तीन, पाच. त्यातले दोन भाग चालायचे. दहाचे दोन पंचमांश चार, पाचाचे दोन पंचमांश दोन. A पासून चार घरं उजवीकडे, दोन घरं खाली, आणि खडू थेट Y-अक्षावर, (०, ४) वर टेकायचा. मग फळ्याच्या रिकाम्या कोपऱ्यात सूत्र येई:

x = (m·x₂ + n·x₁)/(m + n),  y = (m·y₂ + n·y₁)/(m + n)

इथे m म्हणजे २, n म्हणजे ३. दोनानं B चा ६ गुणायचा आणि तिनानं A चा −४. बारा उणे बारा, शून्य. y साठी दोन एके दोन, तीन सक अठरा, बेरीज वीस, भागिले पाच, चार. AP चा वाटा B ला आणि PB चा वाटा A ला, अशी ही तिरकी देवाणघेवाण. सर दोन बाण एकमेकांना छेदून काढायचे आणि म्हणायचे, “बाण चुकला की गाडी दुसऱ्या गावाला.”

ते दुसरं गाव फसवं होतं. गुणाकार सरळ केला, तर तीन सक अठरा, उणे आठ, दहा, भागिले पाच, दोन. y मध्ये तीन अधिक बारा, पंधरा, भागिले पाच, तीन. उत्तर (२, ३). हा बिंदूही AB वरच आहे आणि आकडेही गोंडस पूर्णांक. रेषेवर पडतो म्हणून बरोबर, असं म्हणणारा इथे हमखास फसायचा. ओळखायची खूण एकच होती: AP लहान असेल तर P हा A च्या जवळ हवा. (२, ३) हा B ला जवळचा आहे, म्हणजे तो ३:२ चा बिंदू.

तिरक्या गुणाकाराचं कारण मात्र त्या तासाला मिळालं नव्हतं. ते मला कॉलेजात विज्ञानाच्या बाजूनं सापडलं. हलक्या दांडीच्या A टोकाला तीन किलो आणि B टोकाला दोन किलो टांगले, तर दांडी ज्या ठिकाणी तोलली जाते तोच P. जड टोकाजवळ टेकू, म्हणून A चं वजन मोठं आणि P त्याच्याकडे ओढलेला. तरफेचा हा नियम आर्किमिडीजइतका जुना, पण बिंदूंची अशी वजनं लावून अख्खी भूमिती उभी करणारं पुस्तक मोबियस या जर्मन गणितज्ञानं १८२७ मध्ये काढलं. मोबियसची पट्टी पुष्कळांना माहीत असते, ही वजनं कमी जणांना. त्यांचं काम पुढे फोनपाशी पडणार आहे.

त्या काळी सूत्र आणि कंपासपेटी एकाच दप्तरात असत. आलेख कागदावर (०, ४) आला की सर तोच P कोऱ्या कागदावर रचनेनं काढायला सांगत. A मधून लघुकोन करणारा किरण, त्यावर कंपासनं एकाच त्रिज्येचे पाच कंस, पाचव्या खुणेपासून B पर्यंत रेघ, मग दोन गुण्ये एकमेकांना लावून सरकवत दुसऱ्या खुणेतून तिला समांतर रेघ. ती AB ला जिथे छेदेल तिथे P. गुण्या जरासा घसरला तरी मिलिमीटरभर फरक यायचा, आणि त्यावरून समांतर रेषा किती लाडावलेली गोष्ट आहे ते समजायचं. प्रमाणाचं मूलभूत प्रमेय आम्ही पाठ करण्याआधी बोटांनी अनुभवलं, ते असं. आताही दहावीला भौमितिक रचना आहेत आणि निर्देशक भूमितीत विभाजनाचं सूत्रही आहे. फक्त ती दोन प्रकरणं एकमेकांच्या घरी जात नाहीत.

उंचाड्या चौकटींवर सर निर्धास्त का, तेही ह्या समांतर रेषांतच दडलेलं आहे. फळ्यावर उभं एकक दीडपट ताणलं गेलं, तर A पासून P पर्यंतची उतरण दीडपट होते आणि P पासून B पर्यंतचीही दीडपट. आडव्या अंतरांना धक्काच नाही. दोन्ही तुकडे एकाच रेषेवर आहेत, म्हणून एकाच पटीत ताणले जातात आणि २:३ चं २:३ राहतं. लांबी बिघडते, कोन बिघडतात, वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं, पण एका रेषेवरचं गुणोत्तर टिकून राहतं. सायक्लोस्टाईल केलेल्या प्रश्नपत्रिकेवरची आकृती एका अंगानं दबलेली असली तरी त्याला भीती नव्हती.

आता आकृती व्हॉट्सॲपवर येते. गेल्या हिवाळ्यात भाचीनं अशीच एक पाठवली. तिच्या एका मैत्रिणीच्या वहीतल्या आलेखाचा फोटो, उजव्या खालच्या कोपऱ्याकडून फोन तिरका धरून काढलेला. A(−४, ६) आणि B(६, १) लिहिलेले, मध्ये P नुसता ठिपका, आणि प्रश्न: P हा AB ला कोणत्या गुणोत्तरात विभागतो? बिंदू तेच पाहून मला हसू आलं.

“आत्या, मी स्क्रीनवर पट्टी ठेवून मोजलं. ४:५ येतंय. सूत्रात घातलं तर (४/९, ३४/९). असं उत्तर असतं का गं?”

असतंही, नवव्या भागातले अपूर्णांक म्हणून उत्तर चूक ठरत नाही. पण पट्टीनं मोजणं हीच मेख होती. तिला म्हटलं, “पट्टी बाजूला ठेव. P मधून जाणारी उभी रेघ खाली X-अक्षापर्यंत बोटानं पकड आणि घरं मोज.” ती १ वर आली. आडवी रेघ ३ आणि ४ च्या बरोबर मधल्या बारीक रेषेवर. P(१, ३.५). मग −४ ते १ पाच घरं, १ ते ६ पाच घरं. P हा चक्क मध्यबिंदू! y नं पडताळा: ६ ते ३.५ अडीच, ३.५ ते १ अडीच. x आणि y दोघांनी एकच गुणोत्तर सांगितलं नसतं, तर वाचन चुकलं किंवा P मुळात रेषेवर नाही, असं मानलं असतं.

“मग पट्टी खोटं का बोलली?” हा तिचा प्रश्न रास्त होता. फळा ताणला जातो तेव्हा सगळी रेषा एकाच पटीत ताणली जाते. फोटोत तसं होत नाही. भिंगापासून लांबचा तुकडा जास्त आक्रसतो, जवळचा कमी. समजा A भिंगापासून २५ सेंटीमीटर खोल आहे आणि B २० सेंटीमीटर. खऱ्या कागदावर गुणोत्तर m:n असेल, तर फोटोत ते m × २० : n × २५ दिसतं. m ला B ची खोली, n ला A ची, म्हणजे पुन्हा तोच तिरका बाण! मोबियसच्या भाषेत प्रत्येक टोकाच्या वजनाला त्याच्या खोलीनं गुणलं जातं आणि तोल दूरच्या टोकाकडे सरकतो. मध्यबिंदूला १:१ च्या जागी २०:२५, म्हणजे ४:५. भाचीनं मोजलं ते अगदी नेमकं होतं. सरांचा २:३ चा P तिच्या फोनमध्ये ४०:७५, म्हणजे ८:१५ दिसला असता.

फोटो असा बिघडलेला आहे हे डोळ्यांनाही कळतं. एकाच अक्षावरची घरं एका बाजूला लहान होत गेली असतील, किंवा कागदाच्या समोरासमोरच्या कडा वाढवल्यावर मिळतील असं वाटत असेल, तर पट्टीनं मोजायचं नाही. घरं मोजलेली चालतात, कारण ठिपका आणि घरं एकत्रच आक्रसतात आणि कोणती रेघ P मधून गेली हे बदलत नाही.

तिनं पुढचं पाऊल स्वतःच टाकलं. फोटो जिओजेब्रात घालून त्यावर अक्ष बसवू लागली. पडताळ्याची आज्ञा सरांच्या चालण्यासारखीच आहे, याची मला गंमत वाटली:

```
P = A + 1/2 (B - A)
```

पण चित्र काही केल्या जाळीवर बसेना. जिओजेब्रात चित्राचे तीन कोपरे खिळवता येतात. तीन कोपऱ्यांनी चित्र ताणता येतं, तिरकं ढकलता येतं, पण समांतर कडा समांतरच राहतात. म्हणजे आमच्या शाळेच्या फळ्याचा दोष त्यानं दुरुस्त झाला असता, तिरक्या फोनचा नाही. त्याला चौथा कोपरा लागतो. कागदपत्रं स्कॅन करायची ॲप्स चारही कोपरे मागतात ती यासाठीच, आणि तशा स्कॅननंतर तिची पट्टी सुद्धा १:१ च्या आसपास आली. आसपासच, कारण वहीचं पान शिवणीजवळ फुगलेलं होतं आणि तिथल्या आलेखाच्या रेषा सरळ न राहता किंचित वाकल्या होत्या. वाकलेल्या कागदाला चार कोपरेही पुरत नाहीत. तिला आता पान सुटं काढून, सपाट ठेवून, वरून सरळ फोटो पाठवायला त्या मैत्रिणीला सांगायचं आहे. मैत्रीण म्हणते, वही फाटेल.