गाणं समेवर संपू द्या



दरवर्षी निरोप समारंभासाठी आपण मुलांच्या फोटोंचा व्हिडिओ करतो. व्हिडिओ लहान, संगीत मोठं, मग आपण काय करतो? शेवटचे पाच सेकंद आवाज हळूहळू कमी करतो. मीही तेच करत होते. पण एका वर्षी सातवीच्या वर्गाचा शेवटचा फोटो पडद्यावर आला, संगीत विरत गेलं आणि पहिल्या रांगेतली मुलगी मागे वळून म्हणाली, "बाई, आवाज गेला का?" सगळी मुलं फोटो सोडून स्पीकरकडे बघायला लागली. ज्या फोटोसाठी एवढा खटाटोप केला, तो कुणी पाहिलाच नाही. संगीत संपलं नव्हतं, ते वाटेतच सोडून दिलं होतं. तेव्हा मी ठरवलं की शेवट कापायचा नाही, कापायचं ते मधलं.

पुढच्या वर्षीचंच उदाहरण सांगते. व्हिडिओ होता १ मिनिट ५२ सेकंदांचा. बासरी आणि तबल्याची, केरव्यातली धून होती ३ मिनिटं १० सेकंदांची. म्हणजे ७८ सेकंद जास्त. पण ७८ सेकंद मोजून कापले तर ताल तुटतो. कापायचं ते समेपासून समेपर्यंत, म्हणजे पूर्ण आवर्तनांत. म्हणून आधी घड्याळ लावून दहा आवर्तनं मोजली. २५ सेकंद लागले, म्हणजे एक आवर्तन अडीच सेकंदांचं. या धुनेत चाल आठ-आठ आवर्तनांनी बदलत होती, म्हणून तुकडाही आठाच्या पटीत घेतला: ३२ आवर्तनं, म्हणजे ८० सेकंद. ०:४० ते २:०० एवढा भाग काढला. सुरुवात तशीच राहिली आणि तिहाईसकट शेवटही तसाच राहिला.

दोन सेकंद जास्त कापले गेले, त्याचं काय? पहिल्या दोन सेकंदांत शाळेच्या नावाची पाटी शांततेत दाखवली आणि मग संगीत सुरू केलं. कुणालाच काही खटकलं नाही.

मी हे ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करते. पडद्यावर आवाजाची आकृती मोठी करून बघितली, की समेचा ठोका उंच टोकासारखा दिसतो. त्या टोकाच्या अगदी किंचित आधी तुकड्याची सुरुवात धरायची आणि तुकडा संपतो तिथेही पुढच्या समेच्या तेवढंच आधी थांबायचं. मग `Z` दाबायचं. त्यामुळे निवडीच्या दोन्ही कडा लाट शून्यावर येते तिथे सरकतात. नाहीतर सांध्यावर 'टक्' असा आवाज येतो. त्यानंतर `Delete`. मागचा भाग पुढे येऊन चिकटला पाहिजे, मध्ये रिकामी जागा राहता कामा नये. सांधा ठोक्याला लागून ठेवायचा तो एवढ्यासाठी, की जोरदार ठोक्याखाली तो झाकला जातो.

आता परीक्षा. सांध्याच्या दहा सेकंद आधीपासून डोळे मिटून ऐका आणि मांडीवर ताल धरा. हात अडखळला तर थोडी मात्रा कमी-जास्त झाली आहे. हात बरोबर पडतो पण बासरीचा लांब सूर मध्येच तुटतो, असं झालं तर जागा चुकली आहे. एक आवर्तन पुढे किंवा मागे जा, जिथे बासरीवाला श्वास घेतो. पण दोन्ही कडा सारख्याच सरकवा. आणि धून पुढे वरच्या सुरात चढत असेल, तर खालच्या सुरातून एकदम तिथे उडी मारू नका. ते लपत नाही.

उलट संगीत कमी पडत असेल, तर याच पद्धतीने मधली आठ आवर्तनं कॉपी करून त्यांच्याच पाठोपाठ चिकटवा. मात्र साधा, कमी नक्षीचा भाग घ्या. एखादी खास हरकत दोनदा आली की मुलं लगेच ओळखतात.

एक मर्यादाही सांगते. संगणकावर बांधलेल्या धुनेत लय स्थिर असते. प्रत्यक्ष मैफलीत वाजवलेल्या धुनेत ती हळूहळू चढते. तिथे लांबची उडी जमत नाही, जवळजवळचे छोटे तुकडे काढावे लागतात.

आमच्या धुनेत शेवटची सम संपायच्या पाच सेकंद आधी होती, पुढे नुसती आस. म्हणून शेवटचा वर्गफोटो बरोबर १:४७ ला, त्या समेवर आणला. तिहाई पडली, फोटो आला आणि सूर विरेपर्यंत तो पडद्यावर राहिला. या वेळी स्पीकरकडे कुणी पाहिलं नाही. सगळी मुलं फोटोत स्वतःला शोधत होती.