ज्याचा चेहरा, त्याला विचारून

कोल्हापुरात मी लग्नाचे अल्बम करतो. रिटचिंगला कुणाची परवानगी कशाला हवी, असं माझं बरीच वर्षं मत होतं. पैसे देणारा सांगेल तसं करायचं. सांगणारी बहुधा वरमाय, नाहीतर नवरीचा भाऊ, आणि मागणी ठरलेली: "जरा गोरी करा, हनुवटी कमी करा." माणूस आहे त्यापेक्षा बरा दिसला तर तक्रार कोण करणार?

२०१७ मध्ये अभिनेत्री लुपिटा न्याँगोने एका ब्रिटिश मासिकाच्या मुखपृष्ठावरून जाहीर नाराजी व्यक्त केली. तिचे कुरळे केस फोटोतून कापून, उरलेले गुळगुळीत करून छापले होते. तिने मूळ आणि बदललेला असे दोन्ही फोटो लोकांसमोर ठेवले. पुढे फोटोग्राफरने माफी मागितली. तेव्हा मी फोटोग्राफरच्या बाजूचा होतो. चार केस कमी केले, त्यात एवढं काय? आज ते मत माझं नाही, आणि ते बदललं एका ऑर्डरमुळे.

नवरीच्या आत्याला कोड होतं, ओठांभोवती आणि बोटांवर. नवरीच्या आईने सांगितलं, "वन्संचे डाग तेवढे काढा, सगळ्या फोटोंतून." काम अवघड नसतं. शेजारच्या त्वचेचा रंग डागावर हलका भरायचा, वेगळ्या लेयरवर, म्हणजे मूळ फोटो शाबूत राहतो. पण फोटो बरेच होते आणि प्रत्येकात उजेड निराळा. चेहरा जमला तरी हात फसतात. मेंदीच्या रेषा डागावरून गेलेल्या असतात, त्या पुसट होतात आणि बोट मेणाचं वाटायला लागतं. म्हणून एक नमुना करून आधी आत्यांनाच पाठवला. हेतू सभ्यपणाचा नव्हता. पुन्हा काम करावं लागू नये, एवढाच होता.

आत्यांचा फोन आला. म्हणाल्या, "डाग राहू द्या हो, गावभर याच तोंडाने फिरते मी. पण अक्षता टाकतानाच्या फोटोत डोळे मिटलेत, ते उघडता येतील का?" त्याच वेळचा दुसरा फोटो होता, त्यातले डोळे बसवले. वहिनींना त्यांनी स्वतःच काय ते सांगितलं.

माझा सगळा हिशेब इथे चुकत होता. मला वाटायचं, मोठा बदल म्हणजे डाग आणि किरकोळ बदल म्हणजे डोळे. आत्यांच्या लेखी उलटं होतं. कुठला बदल चालेल, हे माझ्या नजरेला बाहेरून कळण्यासारखंच नव्हतं.

आता ऑर्डर घेताना मी वेगळं विचारतो. तारुण्यपिटिका, डास चावल्याचा लाल ठिपका, दातात अडकलेली कोथिंबीर, हे पंधरा दिवसांत आपोआप जाणारं असतं, ते काढतो. तीळ, व्रण, रंग, नाक, पोट हे त्या माणसाचं कायमचं. त्याला हात लावायचा तर त्याच माणसाचा होकार हवा, आईबापाचा किंवा नवऱ्याचा नव्हे. तीनशे पाहुण्यांना विचारणं शक्य नाही, म्हणून न विचारलेल्यांच्या बाबतीत फक्त संपूर्ण फोटोचा उजेड आणि रंग सुधारतो. लहान मुलांसाठी आईवडील हो म्हणतात, तरी दहा वर्षांच्या पोराला मी विचारतोच. पडलेल्या दाताचा त्याला अभिमान असू शकतो.

फोटो कुठे जाणार, हेही तेव्हाच ठरवतो. अल्बमसाठी दिलेला होकार माझ्या दुकानाच्या फलकासाठी किंवा इन्स्टाग्रामसाठी चालत नाही. व्हॉट्सॲपवर तर फोटो पुढे गेला की गेला. आपण 'सर्वांसाठी डिलीट' केलं तरी ज्याने पुढे पाठवला किंवा जपून ठेवला, त्याच्याकडे तो राहतोच. म्हणून नमुना आधी त्या एका माणसाला जातो, मूळ फोटोसकट. दोन्ही शेजारी पाहिल्याशिवाय आपल्याला काय केलंय हे कळत नाही. होकार आला तरच घरच्यांच्या ग्रुपवर.

कंबर बारीक करताना मागच्या दाराची चौकट वाकते, हे जाणकाराला दिसतं. त्वचा फार गुळगुळीत केली की रंध्रंच जातात, तेही दिसतं. पण त्या माणसाला विचारलं होतं की नाही, हे फोटोत कुठेच दिसत नाही. नॉर्वेत २०२२ पासून जाहिरातीत शरीराचा आकार किंवा त्वचा बदलली असेल तर तशी खूण छापावी लागते. चांगला कायदा आहे, पण ती खूण बघणाऱ्यासाठी. ज्याचा फोटो, त्याला आधी विचारलं होतं का, हे तीही सांगत नाही.

धंद्यात याने थोडा तोटा होतो. "आम्ही पैसे देतो, तुम्ही कशाला विचारता?" म्हणून एक-दोन ऑर्डरी गेल्या. जाऊ देत. तुमच्या घरी लग्न असेल, तर कुणाचं काय बदलायचं याची यादी देताना त्या-त्या माणसाचा फोन नंबरही त्यात लिहून द्या.