रस्त्यावरचे करवतीचे दात

रस्त्यावरची एखादी पाटी किंवा पांढरा पट्टा बघितला की आपण विचारतो, "याचा अर्थ काय?" पण त्याच्याआधी आणखी एक प्रश्न विचारायचा असतो : "ही पाटी मला हुकूम देते आहे, सावध करते आहे, की नुसती माहिती सांगते आहे?" एवढं कळलं, तर अनोळखी देशातली पाटीसुद्धा बऱ्यापैकी उलगडते.

माझी मावसबहीण नेदरलँड्समध्ये राहते. तिचा मुलगा दहा वर्षांचा. तिथं बरीच मुलं शाळेत सायकलनं जातात, त्यामुळे तोही सायकलवर एकटाच जाऊ लागला. त्यानं वाटेवरचा एक फोटो पाठवला. लालसर रंगाचा सायकलचा रस्ता पुढे जाऊन मोठ्या रस्त्याला मिळतो. मिळण्याच्या जरा अलीकडे जमिनीवर पांढऱ्या त्रिकोणांची आडवी ओळ रंगवलेली, आणि कडेला खांबावर एक उलटा त्रिकोण. खाली त्यानं लिहिलं होतं, "मावशी, तुझ्या वर्गातल्या मुलांना ओळखता येतंय का बघ!"

मी तो फोटो आमच्या चौथीच्या वर्गात दाखवला. एक जण म्हणाला, "बाई, करवतीचे दात!" दुसरी म्हणाली, "पतंगांची नक्षी आहे." आणि बहुतेकांनी ओरडून सांगितलं, "गतिरोधक!" आपल्याकडे गतिरोधकावर पांढरे पट्टे मारतात ना, म्हणून.

आता नीट ऐका. गतिरोधक आला तर आपण काय करतो? वेग कमी करतो, धक्का सोसतो आणि पुढे निघून जातो. त्या मुलानं इथं तसंच केलं, तर तो सरळ धावत्या मोटारीपुढे जाईल. म्हणजे चिन्ह कोणत्या जातीचं, हे ओळखणं इथं फार गरजेचं आहे.

चला, पाटीपासून सुरुवात करू. जालन्याहून अंबडकडे जाताना पाट्यांच्या आकाराकडे बघा. गोल पाटी म्हणजे हुकूम. लाल कडेच्या गोलात वेगाचा आकडा असेल, तर त्याहून जास्त वेगानं जायचं नाही. निळा गोल असेल, तर दाखवलंय तसं करायचंच. टोक वर असलेला त्रिकोण म्हणजे सावधानता : पुढे वळण आहे, शाळा आहे, सांभाळा. चौकोनी पाटी माहिती देते : दवाखाना इकडे, पेट्रोल पंप तिकडे. १९६८ साली व्हिएन्ना शहरात अनेक देशांनी मिळून रस्त्यावरच्या चिन्हांचा एक करार केला. म्हणून अंबडच्या रस्त्यावरचा त्रिकोण आणि युरोपातला त्रिकोण सख्खी भावंडं वाटतात.

पण दोन पाट्या मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. एक आठ बाजूंची, 'थांबा' सांगणारी. दुसरी टोक खाली असलेला त्रिकोण, म्हणजे 'रस्ता द्या'. या दोन्ही हुकमाच्या पाट्या आहेत, तरी त्या गोल नाहीत. का बरं? कारण त्यांचा आकार पाठीमागूनसुद्धा ओळखू येतो. अक्षरांवर बर्फ साचलं तरी ओळखू येतो. समोरून येणाऱ्याला पाटीची नुसती पाठ दिसली तरी कळतं, की पलीकडच्यानं थांबायचं आहे.

दोघींत फरकही आहे. 'थांबा' असेल तिथं रस्ता मोकळा असला तरी एकदा पूर्ण थांबायचंच. 'रस्ता द्या' असेल तिथं आडव्या रस्त्यावरून कोणी येत असेल, तर त्याला आधी जाऊ द्यायचं. कोणीच नसेल, तर न थांबता जपून पुढे जाता येतं.

आता जमिनीवरच्या त्रिकोणांकडे या. डच लोक त्यांना 'शार्कचे दात' म्हणतात. आमच्या वर्गातली करवत काही फार लांब नव्हती, बरं का! हे दात म्हणजे खांबावरचा उलटा त्रिकोणच, जमिनीवर ओळीनं मांडलेला. ते वाचायची खूण सोपी आहे : टोकं कुणाकडे आहेत ते बघा. टोकं तुमच्याकडे रोखलेली असतील, तर रस्ता तुम्ही द्यायचा.

फोटोत टोकं फोटो काढणाऱ्याकडे, म्हणजे सायकलवाल्याकडे होती. म्हणून मोठ्या रस्त्यावरच्या मोटारी आधी जाणार आणि सायकलवाला थांबणार.

मग त्यानं दुसरा फोटो पाठवला. तिथंही सायकलचा रस्ता मोठा रस्ता ओलांडत होता. पण या वेळी दात मोठ्या रस्त्यावर, टोकं मोटारींकडे! सायकलच्या वाटेवर एकही दात नाही. रंग तोच, आकार तोच, पण हुकूम मोटारवाल्याला. इथं सायकल आधी जाते. तरी त्याच्या आईनं त्याला बजावून ठेवलंय, की मोटार खरोखर थांबतेय हे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. हक्क आपला असला, तरी ब्रेक दुसऱ्याच्या पायाखाली असतो!

आणि दात कुणाकडेच नसले, पाटीही नसली तर? नेदरलँड्समध्ये अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. २००१ सालापासून उजवीकडून येणाऱ्या सायकललाही हा मान आहे. म्हणजे चिन्ह नसणं हासुद्धा नियमच झाला.

एक गंमत सांगते. आमच्या वर्गाचं 'गतिरोधक' हे उत्तर अगदीच हवेतलं नव्हतं. ब्रिटनमध्ये गतिरोधकाच्या चढावर पांढरा त्रिकोण रंगवतात. पण त्याचं टोक आपल्यापासून दूर, आपण जातो त्या दिशेला असतं. तो फक्त सांगतो, 'इथं उंचवटा आहे.' म्हणून फोटो ओळखताना आधी विचारा : फोटो काढणारा कुठल्या बाजूला उभा होता? आणि तिथं गाड्या कुठल्या बाजूनं चालतात? ब्रिटनमध्ये आपल्यासारख्या डावीकडून, नेदरलँड्समध्ये उजवीकडून. हे माहीत नसेल, तर टोक कुणाकडे आहे हे ठरवताच येत नाही.

आकाराची युक्तीही सगळीकडे चालत नाही. अमेरिका व्हिएन्नाच्या करारात नाही. तिथं टोकावर उभा असलेला पिवळा चौकोन म्हणजे 'सावध, पुढे धोका आहे'. जर्मनीत पांढऱ्या काठाचा तसाच पिवळा चौकोन सांगतो, की 'या रस्त्यावर आधी जायचा मान तुमचा'. एका देशात 'जपून' आणि दुसऱ्या देशात 'आधी तुम्ही'! म्हणून फोटो कुठल्या देशातला, हे विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये.

आता तुमच्यासाठी एक कोडं. फोटो नेदरलँड्सचा आहे. खांबावर निळा गोल, त्यात पांढरी सायकल. थोडं पुढे वाटेवर दातांची ओळ, टोकं तुमच्याकडे. हुकूम किती, सावधानता किती, माहिती किती? कागदावर लिहा, घरातल्या मोठ्या माणसांनाही विचारा आणि मगच खालची ओळ वाचा.

उत्तर : दोन्ही हुकूमच. पहिला म्हणतो, 'सायकल याच वाटेनं चालव', आणि दुसरा म्हणतो, 'आता आधी समोरच्याला जाऊ दे'.