दादा, यंदा ओवाळणी अशी दे

माझं काम कंटेंट लिहिण्याचं. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस मी भाऊबीजेचे चाळीस शुभेच्छा संदेश लिहून दिले होते. तुमच्या फोनवर कदाचित त्यातला एखादा आलाही असेल. पण स्वतःच्या भावाला चार ओळी लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या.

आम्ही इंदूरचे. दादा नोकरीसाठी हैदराबादला असतो. दरवर्षी तो धनत्रयोदशीला येतो आणि भाऊबीजेचं जेवण करून रात्रीच्या गाडीने निघतो. यंदा त्याचा फोन आला, "तिकीट मिळत नाहीये गं." मला ते खरं वाटलं. मग आईने हळूच सांगितलं की दोन महिन्यांपूर्वी त्याची नोकरी गेली आहे. ताटात काही टाकता येणार नाही म्हणून तो येत नव्हता. (हे सगळं त्याला विचारूनच लिहिते आहे.)

पहिल्या संध्याकाळी मी लिहिलं, "तुझ्याशिवाय दिवाळी सुनी सुनी." वाचलं आणि पुसलं. जो आधीच मनातून खचलाय, त्याला आणखी अपराधी का वाटायला लावायचं?

दुसऱ्या संध्याकाळी लिहिलं, "मला ओवाळणी नको, तू फक्त ये." हे बरं वाटलं. पण आई म्हणाली, "नको म्हटलंस की त्याला कळणार, तुला सगळं माहीत आहे. आणि बहिणीने हात मागे घेतला, हे त्याला जास्त लागेल." आईचं बरोबर होतं. ओवाळणी माफ करून चालणार नव्हतं. त्याला देता येईल असंच काहीतरी मागायला हवं होतं.

तुमचाही भाऊ लांब असेल तर एक सांगते. संदेशाच्या आधी पाकीट पाठवा. अक्षता कुंकवात भिजवल्या की सावलीत पूर्ण वाळू द्या. ओल्या राहिल्या तर पाकिटात बुरसतात आणि कागदाला डाग पडतात. कुंकू वेगळ्या पुडीत, सोबत एक सुपारी. मी हे आठ दिवस आधी स्पीड पोस्टाने पाठवलं.

तिसऱ्या संध्याकाळी माळ्यावरून आकाशकंदील काढला. दादाने दहावीत असताना केलेला, बांबूच्या कामट्यांचा. दोन कामट्या मोडल्या होत्या आणि कागद फाटला होता. तेव्हा मला संदेश सुचला. जसा पाठवला तसाच देते:

"दादा, पाकिटातलं कुंकू आणि अक्षता जपून ठेव. भाऊबीजेला संध्याकाळी सव्वासहाला गच्चीवर जा आणि पश्चिमेकडे बघ. बीजेची कोर अगदी खाली असते आणि जेमतेम तासभर दिसते. मी इथून तिला ओवाळेन, मग व्हिडिओ कॉलवर तुला. टिळा मात्र तुझा तुलाच लावावा लागेल, आरशात बघून लाव, मागच्या वेळेसारखा भुवईवर नको. आणि ओवाळणी मी सोडणार नाही. तुझा कंदील मोडलाय. तो दुरुस्त कसा करायचा ते मला फोनवर शिकव. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत तो दारात लागला पाहिजे."

निळ्या खुणा दिसल्या. उत्तर काही येईना. मी दहा वेळा फोन बघितला. जास्त आगाऊपणा झाला का, असंही वाटून गेलं.

रात्री साडेअकराला उत्तर आलं. "बाजारचा गोंद आणू नकोस. खळ कर. दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात कालव, गुठळी राहू देऊ नको, मंद आचेवर शिजव. कामट्या आधी पाण्यात भिजव, नाहीतर वाकवताना तुटतील." आणि मग खाली एकच ओळ, "नोकरीचं आईने सांगितलं ना तुला?"

मी लिहिलं, "हो."

"बरं झालं. मला सांगता येत नव्हतं."

आमच्याकडे भाऊ नसलेली किंवा भाऊ दूर असलेली बहीण चंद्राला ओवाळते. लहानपणी मला ती नुसती गोष्ट वाटायची. यंदा ताम्हणात निरांजन, सुपारी, अंगठी घेऊन मी गच्चीत उभी राहिले, तेव्हा समोरच्या इमारतीच्या टाकीशेजारी ती बारीक कोर दिसली. तिकडून दादाचा आवाज आला, "दिसली, दिसली! तारेच्या वर आहे." टिळा पुन्हा भुवईवरच लागला होता.

कंदील पूर्ण व्हायला चार रात्री लागल्या. एक बाजू अजूनही वाकडी आहे. रोज रात्री जेवण झाल्यावर तो तासभर फोनवर असायचा, आधी कामट्यांबद्दल बोलायचा आणि मग मुलाखतींबद्दल.

तुमचा भाऊ यंदा येणार नसेल, तर "का येत नाहीस" हे विचारून झालं असेलच. आता त्याला जे सहज देता येईल असं काहीतरी मागून बघा.