गुरुजींचा परिचय

उद्या ५ सप्टेंबर. पिशोरच्या शिक्षकदिन समारंभात आदर्श शिक्षक पुरस्कार लाभलेल्या आमच्या गुरुजींचा परिचय करून देण्याची कामगिरी मजकडे आली आहे. दप्तरातून आलेल्या टिपणात नेमणुका, बदल्या, प्रशिक्षणे यांची जंत्री आहे. परंतु ती वाचू लागताच सभेचे चित्त उडते, म्हणून ती दोन वाक्यांत आटोपून एकच प्रसंग विस्ताराने सांगावा, असे ठरविले आहे.

क्षेत्रफळाचा पाठ चालू असता गुरुजींनी आम्हांला सुतळी देऊन पटांगणात नेले, प्रत्येक बाजू ३३ फूट धरून चार कोपऱ्यांवर चार मुले उभी केली, आणि बाजू जुळल्या तरी चौकोन तिरका असू शकतो हे जाणून, दोन्ही कर्ण ४६ फूट ८ इंच भरेपर्यंत त्या मुलांना तसूतसूने सरकविले, मग म्हणाले, “हा एक गुंठा, असे चाळीस म्हणजे एकर. आता घरचा सातबारा पाहून या.” दुसऱ्या दिवशी, ज्यांच्या घरी जमीन नव्हती त्यांना त्यांनी शाळेच्या आवाराची मोजणी सोपविली, हा तपशील मी मुळीच गाळणार नाही.

‘प्रेमळ’, ‘कर्तव्यदक्ष’ ही कोणासही लागू पडणारी विशेषणे मात्र खोडली आहेत. नाव अखेरीस घ्यावयाचे, आणि लगेच व्यासपीठ त्यांच्या स्वाधीन करावयाचे.