बडग्या आणि वाढदिवस

मित्राची पन्नाशी आली आणि मेसेज लिहायचं काम सगळ्यांनी माझ्या गळ्यात घातलं. नागपुरात दोस्ताला नुसतं 'उदंड आयुष्य लाभो' लिहिलं, तर तो घाबरून विचारतो, "काहून बे, काही चुकलं का माझं?"

मी लिहिलं: "पन्नास झाले बे राजा! तू 'निघालोच, पाच मिनिटांत पोचतो' म्हणतोस तेव्हा टॉवेलवर असतोस, हे झिरो माइलच्या चारही घोड्यांना माहीत आहे. पोह्यावर तीनदा तर्री मागतोस आणि मग डोळ्यांत पाणी आणून आमच्या ग्लासांकडे पाहतोस. बिल आलं की तुझा फोन वाजतो. पलीकडे कोणी नसतं."

चौथा टोमणा आपोआप आला. त्याच्या इतवारीतल्या दुकानावर. दोन वर्षांपूर्वी ते बंद झालं. "उधारीवाले वाढले, दुकान घटलं," असं तो स्वतःच हसत सांगतो. म्हणजे परवानगी आहेच, असं मला वाटलं.

मग मागची बैठक आठवली. तोच टोमणा आमच्यातल्या एकाने मारला होता. सगळे हसले, तोही हसला, पण जरा उशिरा. नंतर त्याने शर्टाचा खिसा चाचपला, जिथे आधी दुकानाच्या किल्ल्या असायच्या, आणि चहा अर्धा ठेवून उठला. आपल्या जखमेवरची खपली तो स्वतः काढतो तेव्हा कुठे थांबायचं ते त्याच्या बोटांना कळतं. आमच्या बोटांना ते कळत नाही. उशीर, तर्री, बिल या त्याने हौसेने पाळलेल्या खोडी आहेत, उद्यापासून सोडायच्या ठरवल्या तर सुटतील. दुकान त्याने सोडलं नव्हतं, ते त्याच्या हातून सुटलं होतं.

चिडवण्यात आमचं गाव कोणाला ऐकत नाही. तान्ह्या पोळ्याला मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची. सोबत बडगे असतात, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत ज्याच्यावर राग असेल त्याचे पुतळे, वर झोंबणाऱ्या पाट्या. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत त्यांची गावभर टिंगल होते आणि शेवटी त्यांना जाळतात. बडग्याला कितीही बोला, चालतं. तो दुसऱ्या दिवशी चहाला येणार नसतो. आणि आम्हाला तर हा माणूस रोज हवा होता, फुकट्या असला तरी.

चौथा टोमणा पुसला. त्या जागी, "मे महिन्यात कूलरसमोरची खाट न सोडणारा भूमाफिया" असं टाकलं. त्याच्या पोरीने वाचलं तरी तीच आधी हसेल, याची खात्री होती.

सकाळी सहाला मेसेज पाठवला. उत्तर आलं, "दुकानाचं नाही लिहिलंस."

काय उत्तर द्यावं ते सुचेना. तेवढ्यात दुसरा मेसेज आला.

"पोहे सांगून ठेव. निघालोच, पाच मिनिटांत पोचतो."